जाळीतला पाठमोरा

चित्रात परांचीचा बांबू काढायचा तर काथ्याच्या गाठीपासून सुरुवात करायची, असं चितारीण म्हणायची. आधी बांबू ओढून मग वर गाठ काढली, तर ती गाठ पोरीच्या वेणीला बांधलेल्या रिबिनीसारखी दिसते, भार घेतलेली दिसत नाही. आधी गाठ, तिच्यातून आडवा बांबू, मग उभा. उभ्याचा जाड बुडखा खाली आणि शेंडा वर. एक संपला की दुसरा त्याला हातभर चिकटून वर गेलेला, आणि जोड सगळे एका रांगेत नाहीत, वरखाली. एवढं नीट जमलं की बघणाऱ्याला वाटतं, ही परांची उभी राहील. एरवी पोरानं काड्या रचल्यासारखं दिसतं.

तिचा बाप दुकानांच्या पाट्या रंगवायचा. तिनं लहानपणी त्याचे कुंचले धुतले, मोठेपणी त्याच्याच पाट्या पुसून नव्या लिहिल्या, आणि पाट्या यंत्रावर छापायला लागल्यावर इमारतींची चित्रं काढायला लागली. चितारीण हे नाव तिला गल्लीनं दिलं आणि तिनं ते अंगावरच्या साडीसारखं वागवलं. बोलायला तुटक, हसायला कंजूष. चहा मात्र बशीतून आवाज करत प्यायची.

ती आणि तिची थोरली बहीण एका जुन्या सात मजली इमारतीत सहाव्या मजल्यावर राहायच्या. इमारतीला भेगा पडल्या, गिलावा सुटायला लागला, म्हणून दुरुस्ती निघाली. चहूबाजूंनी बांबूची परांची चढली आणि तिच्यावरून हिरवी जाळी बांधली गेली. आता इमारतीच्या कमिटीची अडचण अशी, की फोटो काढला तर फोटोत नुसती हिरवी जाळी यायची. आत खरंच काम झालं की नुसत्या तंबाखूच्या पुड्या सुटल्या, ते कळायचं नाही. नकाशे कोणाला वाचता यायचे नाहीत. म्हणून ठरलं, की चितारणीनं दर पंधरवड्याला इमारत जशीच्या तशी रंगवायची, बांबूसकट, जाळीसकट, पण जाळीतून मागची भिंत दिसली पाहिजे. कुठे भेग भरली, कुठे गिलावा झाला, कुठे अजून वीट उघडी आहे. चित्र खाली दारापाशी फलकावर लागायचं.

समोरच्या इमारतीच्या जिन्यात, वळणावरच्या खिडकीशी पालथं खोकं टाकून ती बसायची. जागा तीच, कोन तोच. पद्धत तिची तिनं बसवली होती. आधी भिंत, मग बांबू, सगळं बारीकसारीक रंगवायचं. ते खडखडीत वाळू द्यायचं. मग पातळ हिरवा रंग वरून खालपर्यंत एका दमात ओढायचा, कुंचला मध्येच उचलायचा नाही. जिथे जाळीचे दोन पदर एकमेकांवर येतात तिथे दुसरा हात. वारा जाळीला बाहेर फुगवतो तिथे रंग फिका, आत ओढतो तिथे गडद. आणि मुख्य गोष्ट अशी, की जाळीला टेकलेली वस्तू रेखीव दिसते, जाळीपासून मागे गेलेली विरत जाते. बांबू ठळक, भिंत धूसर, खिडकीच्या आतलं काहीच नाही. हे एकदा समजलं की जाळी रंगवता येते, असं ती म्हणायची, आणि पुढे याच गोष्टीनं तिची झोप उडवली.

दर वेळी सगळी परांची नव्यानं काढायची म्हणजे जिवाला ताप. परांची काही रोज बदलत नाही, बदलते ती मागची भिंत. म्हणून तिनं परांचीचा एक मूळ आराखडा केला आणि काचेखाली दिवा लावून तो दर वेळी नव्या कागदावर उतरवून घ्यायला लागली. पहिल्या चित्रात उंचीचा अंदाज यावा म्हणून तिनं एक माणूस घातला होता. या धंद्यात सगळेच घालतात. माणूस दिसला की मजला किती उंच ते कळतं. सहाव्या मजल्याच्या फळीवर, पाठमोरा, निळी बंडी, डावी टाच जरा उचललेली, हात वरच्या आडव्या बांबूवर. तोंड काढायचा कंटाळा, म्हणून तोंड भिंतीकडे. कोणाला बघून काढला नव्हता. आराखड्याबरोबर तोही दर वेळी नव्या कागदावर उतरत राहिला. फळी तीच, टाच तीच. तिच्या ते लक्षातही नव्हतं.

इकडे घरात थोरली अंथरुणाला खिळलेली. पलंग खिडकीशी. डॉक्टरांनी चितारणीला बाहेर नेऊन सांगितलं होतं, की आता औषध म्हणजे पाण्यावरची रेघ, त्यांना जे हवं ते द्या. थोरलीला एकच हवं होतं. जाळी लागल्यापासून खोलीत दिवसभर हिरवा उजेड असायचा. भात हिरवा, दूध हिरवं, माणसाचं तोंड कैरीसारखं. थोरली म्हणायची, जन्मभर मी गोरी म्हणून मिरवले, मरताना मला हिरवं व्हायचं नाही. डोळे मिटायच्या आधी ही खिडकी उघड, एवढं कर.

चितारीण म्हणायची, उघडेल, काम होत आलंय.

काम होतही आलं होतं. बाकी भिंती गुळगुळीत झाल्या, फक्त एक पट्टा राहिला. थोरलीच्या खिडकीबाहेरचा. पंधरवडा गेला, दुसरा गेला, चितारीण त्या पट्ट्यात तीच उघडी वीट रंगवत राहिली. आणि एक पट्टा जरी राहिला तरी जाळी उतरत नाही. परांची सुटते ती वरून खाली, अख्खी बाजू एकदम; मधलाच तुकडा ठेवून आजूबाजूचं सोडता येत नाही. कमिटी ठेकेदाराला झोडायची, ठेकेदार वाळू आली नाही म्हणायचा. वाळूचा ढीग दारात होता आणि त्यावर मांजर निजायचं.

शेवटी चितारीण मुकादमाकडे गेली. हा परांचीवाल्यांचा म्होरक्या. वाळक्या शेंगेसारखा माणूस, कमरेला काथ्याचं वेटोळं, बोटांना काथ्याचे वळ. तो बादलीत काथ्या भिजत घालत होता. ओला बांधला की वाळताना गाठ आवळत जाते. तिनं विचारलं, माझ्या खिडकीशी तुमचं काय वाकडं आहे.

मुकादमानं तिला फलकापाशी नेलं. चित्रातल्या निळ्या बंडीवर बोट ठेवलं नाही, जरा लांब धरून दाखवलं.

"बाई, हा कोण?"

"कोणी नाही. मापासाठी आहे."

"आमच्यातला नाही. मी एकेकाला विचारलं. निळी बंडी कोणाकडे नाही." तो खाली बघून काथ्या पिळत राहिला. "आणि हा उतरत नाही."

मग त्यानं सांगितलं ते असं. त्याच्या टोळीची रीत होती, की सकाळी चढताना प्रत्येकानं कोपऱ्यातल्या बुडाच्या बांबूला हात लावायचा आणि संध्याकाळी उतरल्यावर पुन्हा लावायचा. मुकादम बाजूला उभा राहून मोजणार. चढलेले आणि उतरलेले जुळले की दिवस संपला. जुळले नाहीत तर कोणी घरी जायचं नाही. ही रीत त्याच्या बापाची, त्याच्याही बापाची. आणि इथे चित्रात एक जण चढलेला आहे, महिनोन्महिने उभा आहे, बुडाला हात लावत नाही. गवंडी त्या फळीवर जायला तयार नाहीत. एक गेला होता, तो म्हणाला, शेजारी कोणीतरी उभं असल्यासारखी फळी वाकते. दुसरा म्हणाला, घमेलं ठेवलं तर जागा पुरत नाही.

चितारणीला हसू आलं, पण ती हसली नाही. तिनं सांगितलं, अहो तो रंग आहे, पुढच्या चित्रात काढणार नाही, झालं. मुकादम काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात वरून कोणीतरी त्याला हाक मारली.

घरी आल्यावर तिनं ही गोष्ट थोरलीला करमणूक म्हणून सांगितली. थोरलीनं फलक पाहिलेला नव्हता. ती महिनोन्महिने खोलीबाहेर गेलेली नव्हती, आणि चित्र घरात कधी यायचं नाही. समोरच्या जिन्यात वाळायचं, तिथून फलकावर जायचं. थोरली ऐकत होती, आणि निळी बंडी म्हणताच म्हणाली, "डावी टाच उचललेली."

चितारणीनं बशी खाली ठेवली.

"ओळखते मी त्याला," थोरली म्हणाली. "रोज असतो. तुला काय, तू पाठ काढलीस आणि मोकळी झालीस. तोंड मला बघावं लागतं."

खिडकीच्या काचांना गिलाव्याचे शिंतोडे उडू नयेत म्हणून बाहेरून प्लास्टिक चिकटवलेलं होतं. त्यातून सावलीपलीकडे काही दिसायची सोय नव्हती. चितारीण उठली, खिडकीशी गेली, झडपेची फट करून प्लास्टिकचा कोपरा सोडवला आणि डोळा लावला. फळी होती, बांबू होते, बाजूला जाळीची उरलेली गुंडाळी काथ्यानं टांगलेली होती, माणसाएवढी. वाऱ्यानं हलत होती. ती थोरलीला म्हणाली, गुंडाळी आहे. थोरली म्हणाली, असेल.

थोड्या वेळानं चितारणीनं विचारलं, तोंड कसं आहे.

"कंटाळलेलं," थोरली म्हणाली, आणि कुशीवर वळली.

पुढच्या चित्रात चितारणीनं त्याला गाळला. आराखडा उतरवताना तेवढी जागा सोडली आणि तिथे नुसती फळी आणि बांबू काढले. सकाळी चित्र फलकावर लावून ती जिन्यात जाऊन बसली. कामावर आलेली माणसं फलकापाशी थांबली. मग एकानं पाठीवरची पिशवी उतरवून ठेवली, आणि सगळे मिळून इमारतीच्या त्या कोपऱ्याशी गेले, त्या पट्ट्याच्या बरोबर खाली, आणि जमीन बघायला लागले. जाळीच्या खालच्या काठाला साचलेला राडारोडा एकानं फावड्यानं हळूच बाजूला केला. पाय लागू नये अशा बेतानं.

चितारीण खाली उतरली. मुकादम तिच्याकडे न बघता म्हणाला, "बाई, वरचा माणूस उतरताना दिसला नाही आणि वरही नाही. याला आमच्यात एकच शब्द आहे."

त्या दिवशी कोणी चढलं नाही. ठेकेदार आला, ओरडला, घसा बसवून गेला. तो चितारणीला म्हणाला, मॅडम, माणसं डोक्यात काय घेऊन बसलीत कळत नाही, तुम्ही जरा समजवा. ती काय समजावणार.

दुपारी ती वर गेली तर थोरली जागी होती. नेहमीसारखी चिडलेली नाही, कान देऊन पडलेली. म्हणाली, आज तो नाही. मी म्हटलं उतरला असेल. पण धाकटे, पायांचा आवाज आला नाही. आणि पडल्याचाही नाही. मग गेला कुठे?

चितारणीला त्या खोलीत बसवेना. तिला थोरलीच्या हातापायांना तेल लावायचं होतं, ते तिनं लावलं, पण पाठ खिडकीकडे करायला तिचं मन धजेना. तिनं आयुष्यात भुताखेतांना दारात उभं केलं नव्हतं. पाटी रंगवताना बापानं तिला शिकवलं होतं, की अक्षर चुकलं तर खरवडून काढ, पुन्हा लिही, त्यात काही अपशकुन नसतो. पण जलरंग खरवडून निघत नाही. आणि माणूस हे अक्षर नाही.

ती मुकादमाकडे परत गेली आणि म्हणाली, सांगा, काय करू.

"परत वर घ्या. आणि उतरवा," तो म्हणाला. "नीट. पायापायानं."

मग जे चाललं ते बघून कोणालाही वाटलं असतं, की दोन म्हातारी माणसं पोरखेळ खेळतायत. फलकावरच्या मोठ्या चित्राला तिनं हात लावला नाही. त्या पट्ट्याचीच लांबट पट्टी वेगळ्या कागदावर रोज काढायची आणि मोठ्या चित्राशेजारी टाचायची असं ठरलं. पहिल्या पट्टीत तो होता तिथेच, फळीवर. दुसरीत उतरायला वाकलेला. ती काढून दाखवली तर मुकादम मान हलवत म्हणाला, असा उतरला तर मरेल. दोन्ही हात एकदम सोडलेत त्यानं. मग तो स्वतः पहिल्या मजल्याच्या उंचीवर चढला आणि तिला दाखवायला हळूहळू उतरला. तोंड भिंतीकडेच ठेवून, एक पाय खाली सोडून अंगठ्यानं आडवा बांबू चाचपायचा, त्यावर भार टाकून बघायचा, मग एक हात खाली आणायचा, मग दुसरा पाय. हात गाठीवर टेकायचा नाही, गाठीच्या बाजूला. ती खाली उभी राहून रेघा मारत होती. तो उतरून म्हणाला, आणि गाठीचं शेपूट आत खोचलेलं दाखवा, लोंबतं शेपूट त्याच्या पायाला अडकेल.

ती म्हणाली, "तुम्हाला त्याची फार काळजी."

"माझ्या परांचीवर आहे ना," तो म्हणाला.

चित्रातला माणूस सहाव्याची फळी सोडून खाली सरकल्याची पट्टी ज्या सकाळी लागली, त्या सकाळी गवंडी सहाव्यावर चढला. आधी पायानं फळी दाबून पाहिली, मग घमेलं ठेवलं. जागा पुरली. चितारणीनं समोरून पाहिलं. उघड्या विटेवर पाणी मारलं गेलं, पहिला थर बसला, थापीचा आवाज गल्ली ओलांडून आला. चित्रातला तो पाचव्यावर आला, चौथ्यावर आला. माणसं कामावर येताना फलक बघायची आणि तो ज्या मजल्यावर असेल तिथे थोडी वाट ठेवून कामाला लागायची. चितारीण रोज त्याच्यावरून हिरवा हात ओढायची. तो जाळीला टेकून उतरत होता म्हणून ठळक दिसायचा, मुळातच तिनं तो तसा धरला होता.

एका पट्टीत मात्र तो वाळल्यावर फिका निघाला. रंग तोच, पाणी तेवढंच, कागद त्याच गठ्ठ्यातला. बांबू रेखीव आणि माणूस विरलेला, जाळीपासून बराच मागे गेल्यासारखा. भिंतीच्याही मागे. तिनं ती पट्टी फाडली, दुसरी काढली, तीही तशीच वाळली. तिसरीत तिनं हिरवा हात दिल्यावर त्याच्यावर कोरड्या कुंचल्यानं पुन्हा रेघा ओढून त्याला ठळक केला, आणि ती टाचली. मुकादमाला सांगितलं नाही.

जमिनीवर पोचला तेव्हा मुकादमानं पट्टी फलकावरून उतरवली, कोपऱ्यातल्या बुडाच्या बांबूपाशी नेली आणि चित्रातला हात जिथे होता तेवढा कागद बांबूला टेकवला. सगळे उभे होते. त्यानं मोजलं, सगळ्यांचे हात मोजले आणि त्याचा एक. मग म्हणाला, चला, आणि सगळे घरी गेले. इतक्या साधेपणानं, की चितारणीला वाटलं, आपणच कशाला घाबरत होतो.

वर थोरली दिवसेंदिवस चादरीसारखी पातळ होत होती. जेवण सुटलं, बोलणं उरलं. गिलावा ओला ठेवायला बाहेरून पाणी मारायचे, तो आवाज ऐकत पडायची. म्हणायची, कधी. चितारीण म्हणायची, रंग होऊ दे. रंग झाला. मग परांची सुटायला लागली, वरून, सातव्यापासून. आधी जाळीच्या काठाच्या गाठी कापल्या, मग भिंतीला धरलेले तेवढ्याच उंचीचे टेके, मग बांबू एकेक हातोहात खाली. सहाव्याची जाळी सुटायच्या दिवशी मुकादम स्वतः त्या पट्ट्यात होता. त्यानं चितारणीला खिडकीबाहेरून विचारलं, सोडू का. तिनं थोरलीच्या पाठीला उशा लावल्या, आतून खिडकी उघडली, बाहेरून प्लास्टिक ओढून काढलं गेलं, आणि जाळी एका बाजूनं सुटून पडद्यासारखी ओघळत गेली.

पांढरा उजेड आत आला. भिंती, पलंग, पाण्याचा तांब्या, सगळं आपापल्या रंगाचं झालं. थोरलीचं तोंड पिवळट होतं, पण हिरवं नव्हतं. रस्ता दिसत होता, समोरचा जिना, ते खोकं, आणि वरती आभाळ, नुसतं धुतल्यासारखं. मुकादम बांबूवर उभा राहून मान फिरवून दुसरीकडे बघत होता.

चितारीण म्हणाली, "ताई, उघडली बघ."

थोरलीनं डोळे किलकिले केले. खिडकीकडे पाहिलं, मग खिडकीच्या आणि पलंगाच्या मधल्या मोकळ्या जागेकडे. "त्याला जरा बाजूला व्हायला सांग," ती म्हणाली. "उजेड अडवतोय."

मुकादमानं ऐकलं असावं, कारण तो एक पायरी खाली उतरला, आधी पाय, मग हात. थोरली वाट बघत राहिली. मग तिच्या तोंडावर ऊन आलं, ढग सरकल्यावर येतं तसं. आभाळात ढग नव्हता. "हां, असं," ती म्हणाली, आणि दुपारभर रस्ता बघत बसली. कोण कुठे चाललंय यावर शेरे मारत होती, एकीच्या चालीला तर बदकच म्हणाली.

खिडकी उघडी असतानाच ती गेली, काही दिवसांनी, सकाळी. चितारणीनं तिचे डोळे मिटले आणि खुर्ची ओढायला गेली, तर खुर्ची आधीच पलंगाशी ओढलेली होती. तिला वाटलं, आपणच ओढली असेल.

शेवटचं चित्र तिनं बाकी होतं म्हणून काढलं. बांबू नाही, जाळी नाही, कोरी करकरीत इमारत. खिडक्यांत नेहमीसारखा काळा रंग भरला. मुकादम सामान न्यायला आला होता, तो फलकापाशी थांबून सहाव्या मजल्याकडे बराच वेळ बघत होता. जाताना कोपऱ्यात, जिथे बुडाचा बांबू होता, त्या जमिनीला वाकून हात लावून गेला.

चितारीण अजून चित्रं काढते. आता दुसऱ्या इमारतीची. तोच मुकादम, तीच टोळी. ठेकेदार नवा आहे, तो म्हणाला, मॅडम, मापासाठी एक माणूस टाका ना, छान वाटतं. तिनं फळीवर बादली काढली. माप बादलीनंही कळतं. चित्र फलकावर लागलं की मुकादम पहिल्यांदा येतो, कमरेचा काथ्या सावरत जवळून बघतो, आणि चढायच्या आधी तिला विचारतो, "बाई, बादली रिकामी आहे ना?"

ती चित्र पुन्हा एकदा नीट बघते, आणि मगच हो म्हणते.